कबड्डीतल्या एकूण गुणांची लाइन कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकूण गुणांची लाइन म्हणजे नेमकं काय?

दोन्ही संघांचे गुण मिळून सामन्यात किती होतील, याचा पैजेच्या भावांसाठी ठरवलेला हा आकडा. लाइन ६३.५ असेल तर ६४ किंवा त्याहून जास्त गुण झाले की ओव्हर, ६३ किंवा कमी झाले की अंडर. अर्धा गुण ठेवतात तो बरोबरी होऊ नये म्हणून. कोण जिंकलं याच्याशी या लाइनचा संबंध नाही; ३५-३० आणि ४५-२० हे दोन्ही निकाल तिच्या दृष्टीने ६५ गुणांचेच.

गणिताची सुरुवात कुठून करायची? दोन्ही संघांच्या सरासरी गुणांची बेरीज पुरत नाही का?

ढोबळ अंदाजाला पुरते. पण सरासरी गुण कुठून आले हे त्या बेरजेत दिसत नाही. एखाद्या संघाचे गुण जास्त असतील तर त्याचे चढाईपटू चांगले आहेत म्हणून, त्याच्या सामन्यांत चढाया जास्त होतात म्हणून, की मागच्या दोन सामन्यांत तीन-तीन लोण चढले म्हणून? तिन्हींचा पुढच्या सामन्यावरचा परिणाम वेगळा असतो. त्यामुळे मोजायचं एकक सामना न ठेवता एक चढाई ठेवा. सामन्यात चढाया किती होतील आणि एका चढाईमागे दोन्ही बाजूंचे मिळून किती गुण पडतील, हे दोन आकडे वेगवेगळे काढा आणि मग गुणाकार करा.

प्रत्येक चढाईचे तीनच निकाल असतात. चढाईपटू गुण घेऊन परततो, किंवा बाद होतो आणि गुण बचावाला जातो, किंवा काहीच न घडता परततो, म्हणजे रिकामी चढाई. या तिघांच्या टक्केवारीची बेरीज १०० आलीच पाहिजे. ती येत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण तुमच्याकडचे आकडे एकाच गोष्टीचे नाहीत.

चढाईचं यश ४० टक्के आणि पकडीचं यश ४८ टक्के. बेरीज ८८ झाली, म्हणजे रिकाम्या चढाया १२ टक्केच?

नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते आणि लाइन वीसेक गुणांनी चुकते ती इथेच. त्यामुळे हे जरा सावकाश पाहू.

चढाईच्या यशाचा छेद म्हणजे एकूण चढाया. पकडीच्या यशाचा छेद मात्र पकडीचे प्रयत्न. बचावपटू प्रत्येक चढाईत पकड करायला जात नाहीत. पुष्कळ चढायांत चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, डावीकडे-उजवीकडे हलून पाहतो आणि मध्यरेषेकडे परततो. कोणी त्याला हातही लावत नाही. तेव्हा ४८ टक्क्यांना सरळ ४० चढायांनी गुणलं तर एका संघाला १९ पकडी मिळतात, आणि इतक्या पकडी रोजच्या सामन्यात होत नाहीत.

आधी हा आकडा प्रति चढाई करून घ्यायचा. समजा बचाव दर १०० चढायांपैकी ४४ मध्ये पकडीला जातो आणि त्यातल्या ४८ टक्के पकडी जमतात. ०.४४ गुणिले ०.४८ म्हणजे ०.२१. १०० चढायांमागे २१ वेळा चढाईपटू सापडतो. ४० यशस्वी, २१ बाद, उरलेल्या ३९ रिकाम्या. आता बेरीज जुळते.

यातच दुसरा सापळा आहे. पकडीचे जे २३ प्रयत्न फसले, ते गेले कुठे? ते समोरच्या संघाच्या ४० यशस्वी चढायांतच मोजलेले आहेत. पकड फसली की चढाईपटूला गुण मिळतो. घटना एकच, ती नोंदली जाते दोन्ही रकान्यांत. ‘कमकुवत बचाव, फसलेल्या पकडी जास्त’ म्हणून समोरच्या संघाचे गुण वाढवायचे आणि वर त्याच संघाच्या चढाईचं यश चांगलं म्हणून पुन्हा वाढवायचे, असं केलं की एकच गुण दोनदा धरला जातो. शिवाय खेळाडूंच्या वैयक्तिक फसलेल्या पकडींची बेरीज कधी करू नका. एका चढाईत तिघे बचावपटू बाद झाले तर ती एकच घटना तिथे तीन नावांवर चढलेली असू शकते.

मग समोरासमोरच्या दोन संघांचे आकडे एकत्र कसे करायचे?

सोपी पद्धत अशी: चढाई करणाऱ्या संघाचं यश, अधिक समोरचा बचाव किती यश मिळू देतो ते, वजा लीगची सरासरी. सरासरी वजा करायची कारण ती दोन्ही आकड्यांत एकेकदा आलेली असते.

पुढचं उदाहरण समजण्यापुरतं आहे, आकडे मानलेले आहेत. लीगची सरासरी धरू: यश ३९ टक्के, बाद २१, रिकाम्या ४०.

संघ ‘अ’ चढाईत ४३ टक्के यशस्वी होतो. ‘ब’चा बचाव ३७ टक्के यश मिळू देतो. ४३ अधिक ३७ वजा ३९, म्हणजे ४१ टक्के. ‘अ’चे चढाईपटू १९ टक्के वेळा बाद होतात, ‘ब’ मात्र २३ टक्के चढायांत पकड करतो. १९ अधिक २३ वजा २१, म्हणजे २१ टक्के. रिकाम्या उरल्या ३८.

उलट बाजूला ‘ब’चं चढाईतलं यश ३८ आणि ‘अ’चा बचाव ४० मिळू देतो, म्हणून ३९ टक्के. ‘ब’ २२ टक्के वेळा बाद होतो, ‘अ’ २० टक्के चढायांत पकड करतो, म्हणून २१ टक्के. रिकाम्या ४०.

खेळाचा वेग कसा मोजायचा?

चढायांच्या संख्येने, गुणांनी नाही. प्रो कबड्डीत २० मिनिटांची दोन सत्रं असतात, म्हणजे २४०० सेकंद, आणि एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंद चालली तर ८० चढाया होतील. काही चढाया लवकर संपतात, तर दोन चढायांमध्येही थोडा वेळ जातो. त्यामुळे आकडा ८० च्या आसपास फिरत राहतो.

वेग हा कोणा एका संघाचा नसतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. चढाया आळीपाळीने होतात, म्हणून दोन्ही संघांच्या चढाया जवळपास सारख्याच भरतात. ‘अ’ जलद खेळला तर चढाया ‘ब’लाही जास्त मिळतात. म्हणून सामन्याच्या एकूण चढाया घ्या आणि वरचीच पद्धत लावा. ‘अ’च्या सामन्यांत सरासरी ८०, ‘ब’च्या सामन्यांत ८२, लीगची सरासरी ८२, तर या सामन्यात ८०, प्रत्येकी ४०.

वेग बिघडतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. पुढे असलेला संघ चढाईचे पूर्ण ३० सेकंद वापरतो आणि हात न लावता परततो. प्रो कबड्डीत बरीच वर्षं सात किंवा कमी गुणांनी हरलेल्या संघालाही गुणतक्त्यात एक गुण मिळत असे. त्यामुळे सहा-सात गुणांनी मागे असलेला संघही शेवटी घड्याळ संपवायचा आणि दोन्हीकडून खेळ थंडावायचा. जुने सामने वापरताना त्या हंगामाचा गुणतक्त्याचा नियम काय होता ते आधी पाहा, नाहीतर नियमाचा परिणाम तुम्ही संघाच्या स्वभावावर ढकलाल.

रिकाम्या चढाया जास्त म्हणजे गुण कमी, एवढं सरळ आहे का?

दिशा तीच, पण परिणाम वाटतो त्यापेक्षा कमी. याचं कारण तिसरी चढाई. एकाच संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की त्याला तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो. नाही घेतला तर चढाईपटू बाद. त्या चढाईत कोणाला तरी गुण मिळतोच.

नेहमीची चढाई रिकामी जाण्याची शक्यता ४६ टक्के धरली, तर तिसऱ्या चढाया जमेस धरून एकूण रिकाम्या चढाया सुमारे ४० टक्केच भरतात. दर १०० चढायांपैकी साधारण १३ तिसऱ्या चढाया असतात, म्हणजे ४० चढायांत पाच. आता दोन्ही संघ फारच सावध खेळले आणि ४६ चे ५५ टक्के झाले, तरी एकूण रिकाम्या चढाया ४६ टक्क्यांवरच थांबतात आणि तिसऱ्या चढाया पाचावरून साडेसहा होतात. गुण देणाऱ्या चढाया ६० टक्क्यांवरून ५४ वर आल्या, म्हणजे दहा टक्के घट. तिसऱ्या चढाईचा नियम नसता तर ती सतरा टक्के झाली असती.

म्हणूनच दोन संथ संघ समोरासमोर आले की लाइन एकदम खाली ओढण्याचा मोह टाळावा असं माझं ठाम मत आहे. अशा सामन्यात गुणांचा ओघ पकडीकडे वळतो, पण तो आटत नाही.

आता उदाहरणातले गुण काढून दाखवाल का?

‘अ’च्या ४० चढायांपैकी ४१ टक्के, म्हणजे १६.४ यशस्वी. यशस्वी चढाईत कधी एक, कधी दोन-तीन गुण मिळतात, सरासरी १.२५ धरू. झाले २०.५ गुण. ‘ब’च्या १५.६ यशस्वी चढायांचे १९.५. चढाईचे एकूण गुण ४०.

बाद होण्याचं प्रमाण दोन्हीकडे २१ टक्के, म्हणून प्रत्येकी ८.४, एकूण १६.८ गुण. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, तिचा एक गुण जास्त. सातांतली एक पकड अशी धरली तर २.४ गुणांची भर. पकडीचे झाले १९.२.

लोणाचे दोन गुण. या सामन्यात सरासरी २.४ लोण अपेक्षित धरले तर ४.८ गुण. तांत्रिक आणि इतर गुणांसाठी १.

४० अधिक १९.२ अधिक ४.८ अधिक १: बेरीज ६५. एका चढाईमागे साधारण ०.८ गुण पडले. तुमच्या लीगच्या जुन्या सामन्यांतही हा भागाकार करून पाहा. तुमचा अंदाज त्यापासून फार दूर असेल तर आधी पकडीचा छेद तपासा.

लोणांची संख्या कुठून आणायची? ती तर थेट मानून घेतली.

खरं आहे, आणि या गणितातला सगळ्यात अवघड भाग हाच. उदाहरणातच पाहा. ‘अ’चे खेळाडू दोन वाटांनी बाहेर जातात: ‘ब’च्या चढाईत स्पर्श होऊन आणि स्वतःच्या चढाईत सापडून. चढाईच्या गुणांतला पाव हिस्सा बोनसचा धरला, तर ‘ब’च्या १९.५ गुणांपैकी १४.६ स्पर्शाचे, त्यात ‘अ’चे सापडलेले ८.४ चढाईपटू मिळवले की २३ जण बाहेर. परत किती येतात? ‘अ’च्या स्पर्शाच्या गुणांमागे १५.४ आणि पकडींमागे ८.४, म्हणजे जवळपास २४. बोनसने कोणी परत येत नाही, म्हणून तो वगळला.

बाहेर २३, आत २४. सरासरीने पाहिलं तर या संघावर लोण चढायलाच नको. तरीही ते चढतात, कारण गुण झुंडीने येतात: एका चढाईत तिघे बाद, लगेच आपला चढाईपटू सापडला, पुढच्या चढाईत आणखी एक गेला, आणि सातातले दोनच उरले. तेव्हा लोण सरासरीतून निघत नाही, क्रमातून निघतो.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, जुन्या सामन्यांत दोन्ही संघांच्या स्पर्शाच्या आणि पकडीच्या गुणांतला फरक मांडून प्रत्येक फरकाला सरासरी किती लोण झाले ते पाहणं. दुसरा, मला जास्त पटणारा, चढाईमागून चढाई असा सामना संगणकावर हजारो वेळा खेळवणं. त्यात मैदानात किती खेळाडू आहेत हे प्रत्येक पावलाला ठेवायचं, कारण शक्यता त्यावरच बदलतात. बोनस मिळतो तो समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतानाच. अव्वल पकड होते ती तीन किंवा कमी असताना. लोण चढला की सातही जण परत येतात आणि बोनसचा दरवाजा पुन्हा उघडतो.

अपेक्षित गुण ६५ आले. मग लाइन ६४.५ आणि दोन्हीकडे सारखा भाव?

अजून पसरटपणा धरायचा राहिला. एकेका चढाईतली अनिश्चितता जमवली तर प्रमाण विचलन साधारण सहा गुण येतं. पण खऱ्या सामन्यांत ते जास्त असतं: चढायांची संख्या बदलते, लोण झुंडीने येतात, आणि त्या दिवशी मुख्य चढाईपटू कसा खेळेल हे टक्केवारीत बसत नाही. म्हणून सूत्राने आलेलं विचलन न वापरता तुमचे जुने अंदाज आणि झालेले गुण यांच्या फरकावरून ते मोजा. इथे ९ धरू.

बाजारात लाइन ६३.५ आहे असं समजा. आपली सरासरी तिच्यापेक्षा १.५ ने वर, म्हणजे विचलनाच्या एक षष्ठांश. सामान्य वितरणाच्या तक्त्यात ओव्हरची शक्यता ५६.६ टक्के निघते, अंडरची ४३.४. निखळ भाव म्हणजे १ भागिले शक्यता: ओव्हर १.७७, अंडर २.३०. भाव देणारा पाच टक्के मार्जिन धरणार असेल तर दोन्ही शक्यता १.०५ ने गुणतो आणि मग उलटवतो, येतात १.६८ आणि २.१९.

सामान्य वितरण इथे अगदी चपखल नाही. चारपाच लोणांचे सामने वरच्या टोकाला लांब शेपूट काढतात, त्यामुळे सगळे सामने गुणांच्या क्रमाने लावले तर मधला सामना सरासरीपेक्षा थोडा खाली असतो. लाइन मधल्या सामन्यावर बसते, सरासरीवर नाही. म्हणून सरासरी ६५ असली तरी सारख्या भावाची लाइन ६४.५ ठेवणं योग्य. सामने खेळवून पाहत असाल तर तक्त्याची गरजच नाही. किती वेळा ६४ किंवा जास्त गुण झाले ते मोजा.

आकड्यांत थोडी चूक झाली तर किती फरक पडतो?

बराच पडतो. विचलन ९ असताना लाइनजवळचा एक गुण म्हणजे शक्यतेत साधारण ४.४ टक्क्यांचा फरक. चढायांचा अंदाज फक्त दोनने चुकला तरी १.६ गुण, म्हणजे सात टक्के. पाच टक्क्यांचं मार्जिन त्यात सहज बुडतं.

यशाच्या टक्केवारीचंही तेच. दहा सामन्यांत एका संघाच्या सुमारे ४०० चढाया होतात. खरं यश ४० टक्के असलं तरी निव्वळ योगायोगाने मोजमाप अडीच टक्के इकडेतिकडे जाऊ शकतं, आणि त्यातून एका संघाचे सव्वा गुण बदलतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला संघाचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका, लीगच्या सरासरीकडे ओढा. चारशे चढायांवर ४७ टक्के दिसले आणि सरासरी ३९ असेल, तर निम्मं अंतर कापून ४३ धरणं मला रास्त वाटतं. उदाहरणात ‘अ’चे ४३ असे ओढून घेतलेलेच समजा. मुख्य चढाईपटू जखमी असेल तर हा सगळा आकडा पुन्हा बांधावा लागतो: त्याच्या चढाया कोण करणार हे ठरवा आणि त्या खेळाडूंचं यश चढायांच्या प्रमाणात मिसळा.

महिलांच्या सामन्याला हीच पद्धत चालते का?

चालते, वेळ तेवढी बदलायची. १५ मिनिटांची दोन सत्रं असतील तर १८०० सेकंद, म्हणजे ६० च्या आसपास चढाया. चढाईचे आणि पकडीचे गुण त्या प्रमाणात घटतात. लोण मात्र प्रमाणात घटतातच असं नाही. त्यांची गणना वेगळी करा.

भारतात यावर पैसे लावता येतात का?

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि महाराष्ट्रात जुगारविरोधी कायदा त्याआधीपासून आहेच. इथलं गणित सामन्याचा अंदाज बांधण्यासाठी आणि कोणी दिलेला भाव किती खरा हे समजण्यासाठी आहे.

मध्यंतराला ३८ गुण झाले. पूर्ण सामन्याचे ७६ धरायचे?

नाही. आपला मूळ अंदाज अर्ध्या सामन्याचा ३२.५ होता. वरचे साडेपाच गुण कुठून आले ते आधी पाहा. चढाया ४० ऐवजी ४३ झाल्या असतील तर त्यातले अडीच गुण वेगाचे, आणि तो वेग काही अंशी पुढेही टिकेल. एक लोण जास्त चढला म्हणून दोन गुण आले असतील तर ते पुढच्या सत्राबद्दल फारसं काही सांगत नाहीत. उरलेला गुणभर फरक योगायोगातही जातो. वेगाचा निम्मा फरक पुढे नेला तर दुसऱ्या सत्राचे साधारण ३४ गुण होतात आणि एकूण अंदाज ७२ येतो.

त्यानंतर गुणफलक पाहा. २६-१२ असेल तर पुढचा संघ घड्याळ खाईल, आणि मागचा बचाव घाईने पकडीला जाईल. पहिल्याने चढाया कमी होतात, दुसऱ्याने एका चढाईमागचे गुण वाढतात. या दोन गोष्टी किती प्रमाणात एकमेकींना खोडतात हे जुन्या सामन्यांतून, मध्यंतराला दहाहून जास्त गुणांचा फरक असलेले सामने वेगळे काढून मोजता येतं. आणि १९-१९ असेल तर सामना बरोबरीत सुटण्याचाही विचार करा: टायब्रेकरच्या चढायांचे गुण एकूण गुणांत धरले जातात की नाही, हे ज्या लाइनशी तुलना करताय तिच्या नियमांत आधी वाचून घ्या.